लादी मिस्त्रींसाठी आरपीएल: नोंदणीपासून मूल्यांकनाच्या दिवसापर्यंत

ठाणे आणि नवी मुंबईच्या इमारतींमध्ये लाद्या बसवणारे बहुतेक मिस्त्री हे काम वडिलांकडून, मामांकडून किंवा एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली माल कालवत शिकलेले असतात. त्यांच्याकडे हात आहे, नजर आहे, पण दाखवायला कागद नाही. अशा कारागिरांना पुन्हा शाळेत किंवा लांबलचक अभ्यासक्रमात न बसवता, त्यांना जे आधीच येते त्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सरकारी पद्धत म्हणजे पूर्वप्राप्त कौशल्याची मान्यता. बोलताना सगळे तिला आरपीएल म्हणतात. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आरपीएलचा समावेश आहे. प्रमाणपत्र राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीतील ठरावीक पातळीचे मिळते. या लेखात मी केवळ लादीकामाचे उदाहरण घेतले आहे. प्लंबर, सुतार किंवा सळई बांधणारे यांची कामे वेगळी असली तरी मूल्यांकनाचा क्रम सारखाच असतो.

नव्या माणसाने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. मूल्यांकनात तुमच्या अनुभवाची वर्षे मोजली जात नाहीत आणि तुम्ही दिवसाला किती चौरस फूट लादी मारता हेही विचारले जात नाही. प्रत्येक कामासाठी एक पात्रता दस्तऐवज असतो. त्यात कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी असे गुण वाटून दिलेले असतात, आणि मूल्यांकनकर्त्याला त्याच तक्त्याप्रमाणे गुण द्यावे लागतात. पंधरा-वीस वर्षे काम केलेले मिस्त्री जेव्हा कमी गुणांवर अडकतात, तेव्हा माझ्या पाहण्यात हात कमी पडल्याची उदाहरणे थोडी आहेत. तक्त्यातली एखादी गोष्ट त्यांनी केली नाही, किंवा केली पण दाखवली आणि सांगितली नाही, हेच कारण बहुतेक वेळा निघते.

योग्य भूमिका आणि योग्य पातळी

बांधकाम क्षेत्राचे दस्तऐवज कन्स्ट्रक्शन स्किल डेव्हलपमेंट कौन्सिल ऑफ इंडिया ही क्षेत्रीय कौशल्य परिषद तयार करते आणि त्यांना एनसीव्हीईटी ही केंद्रीय नियामक संस्था मान्यता देते. मान्य झालेल्या सर्व पात्रता nqr.gov.in या संकेतस्थळावर पाहता येतात. गवंडीकामात मदतनीस, सहायक गवंडी, वीट-प्लास्टरचा गवंडी आणि लादीचा गवंडी या निरनिराळ्या भूमिका आहेत. लादी मिस्त्रीने वीट-प्लास्टरच्या भूमिकेत नाव घातले, तर त्याला प्रात्यक्षिकात भिंत रचायला सांगितली जाईल. चौकटीच्या पातळ्या आता १ ते ८ अशा आहेत आणि प्रमाणपत्रावर पातळी छापलेली असते. म्हणून स्वतंत्रपणे काम काढणाऱ्या मिस्त्रीने सहायकाच्या पातळीचे प्रमाणपत्र घेण्यात फारसा अर्थ नाही.

तरीही असे घडते, कारण एकत्र परीक्षा देणाऱ्यांचा गट, म्हणजे बॅच, आयोजक भरतो आणि त्याच्याकडे ज्या भूमिकेच्या जागा मंजूर असतात त्यातच सगळ्यांना बसवण्याकडे त्याचा कल असतो. नाव देण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: भूमिकेचे पूर्ण नाव काय, पातळी कोणती आणि प्रमाणपत्रावर कोणाची मुद्रा असेल. उत्तर मिळाले नाही, तर त्या बॅचमध्ये घाईने बसू नये. एकदा चुकीच्या भूमिकेत नोंद झाली की ती नंतर दुरुस्त करणे फार अवघड जाते.

बॅच कोठे मिळते

एकट्या माणसाने कार्यालयात जाऊन त्याच दिवशी परीक्षा द्यावी, अशी ही व्यवस्था सहसा नसते. आरपीएल गटाने होते. कधी मोठ्या बांधकामाच्या साइटवर ठेकेदाराच्याच कामगारांसाठी, कधी वस्तीत शिबिर भरवून, तर कधी प्रशिक्षण केंद्रात. त्यामुळे नाक्यावर उभे राहणाऱ्या आठ-दहा लादी मिस्त्रींनी मिळून मागणी नोंदवली, तर बॅच लागण्याची शक्यता वाढते. चौकशीसाठी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र हे पहिले ठिकाण आहे. जवळच्या शासकीय आयटीआयमध्येही विचारता येते.

येथे नवी मुंबईकरांची एक नेहमीची गल्लत होते. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेल रायगड जिल्ह्यात येतात. खारघरला राहणाऱ्याने ठाण्याच्या कार्यालयात खेटे घालण्यापूर्वी रायगडच्या केंद्राकडे चौकशी करावी.

सरकारी योजनेतून होणाऱ्या आरपीएलसाठी कारागिराकडून शुल्क घेतले जात नाही. "साहेब, हजार रुपये द्या, परीक्षेला न बसता सर्टिफिकेट घरी येईल," असे सांगणारा माणूस खोटा कागद विकत आहे, हे निश्चित समजावे. दुसरीकडे, २०१६ ते २०२० या टप्प्यात उत्तीर्ण होणाऱ्याला ५०० रुपये खात्यात मिळत असत. ती आठवण धरून आजही काही जण पैशाच्या अपेक्षेने येतात. आपल्या बॅचला असे काही आहे की नाही, हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावे आणि त्या दिवसाची मजुरी बुडणार आहे हे धरूनच तारीख ठरवावी.

आधार, मोबाइल आणि झिजलेले ठसे

नोंदणी स्किल इंडिया डिजिटल हब या पोर्टलवर होते आणि तिचा पाया आधार ई-केवायसी हा आहे. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. गावाहून येताना काढलेले सिम बंद पडलेले असते आणि नवा क्रमांक आधारला जोडलेला नसतो, ही अगदी नेहमीची अडचण आहे. ती मूल्यांकनाच्या सकाळी सुटत नाही. आधार केंद्रावर क्रमांक बदलल्यानंतर नोंद अद्ययावत व्हायला काही दिवस लागतात, म्हणून हे काम सर्वांत आधी करावे. आधारवरील नावाचे स्पेलिंगही त्याच फेरीत तपासून घ्यावे, कारण प्रमाणपत्रावर तेच नाव छापले जाते.

लादीकाम करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते आणि तिचे कारण त्यांच्या कामातच आहे. सिमेंट अल्कधर्मी असते. ओल्या मालात आणि ग्राउटमध्ये वर्षानुवर्षे उघडे हात घातल्याने बोटांची कातडी सोलवटते, रेषा पुसट होतात आणि ठसे घेणारे यंत्र बोट ओळखत नाही. हजेरी बोटांच्या ठशांवर घेतली जाणार असेल तर ओटीपी, चेहरा किंवा डोळ्याच्या बुबुळाची ओळख यांपैकी कोणता पर्याय उपलब्ध आहे, हे आयोजकाला आधीच विचारावे. आधीचे चार-पाच दिवस कामावर रबरी हातमोजे वापरले आणि रात्री बोटांना खोबरेल तेल लावले, तर ठसे थोडे सुधारतात असा अनुभव आहे. मात्र यंत्रावर बोट ठेवताना हात साबणाने धुतलेले आणि कोरडे असावेत.

ओरिएंटेशनचे तास

मूल्यांकनाच्या आधी एक छोटे ओरिएंटेशन असते. योजनेच्या २०१६ पासूनच्या टप्प्यात ते किमान १२ तासांचे ठरले होते. त्यांत ६ तास कामाविषयी, ४ तास वागणूक व व्यवसायाविषयी आणि २ तास मूल्यांकनाची ओळख करून देण्यासाठी होते. अनुभवी मिस्त्रींना हे तास वाया गेल्यासारखे वाटतात आणि ते केवळ सही करून निघून जातात. पण शेवटचे दोन तास सर्वांत मोलाचे असतात. गुणांचा तक्ता, टॅबलेट कसा चालवायचा आणि प्रात्यक्षिकाला कोणते साहित्य मिळणार, हे तेव्हाच कळते. ज्यांना वाचन जड जाते त्यांनी तेथेच सांगावे, प्रश्न मराठीत असतील की हिंदीत हे विचारावे आणि वाचून दाखवण्याची सोय होईल का याची खात्री करून घ्यावी. मूल्यांकनकर्ता बाहेरून येतो, त्यामुळे परीक्षेच्या सकाळी अशी सोय जुळवणे त्याच्या हातात नसते. याच टप्प्यावरील पूर्वचाचणीत मोठी उणीव दिसली, तर कारागिराला आधी पूरक प्रशिक्षण दिले जाते.

मूल्यांकनाचा दिवस

मूल्यांकनकर्ता स्वतंत्र मूल्यांकन संस्थेचा असतो. ज्याने ओरिएंटेशन दिले तो गुण देत नाही, आणि परीक्षा चालू असताना त्याने शेजारी उभे राहून सूचना करणेही नियमात बसत नाही. सकाळी ओळख पटवून हजेरी घेतली जाते. सर्वांचा एकत्र फोटो घेतला जातो. प्रात्यक्षिकाचे फोटो आणि चित्रीकरण ठिकाण व वेळ यांच्या नोंदीसह होते, कारण पुढे कोणी शंका घेतली तर तोच पुरावा असतो. तुमच्याऐवजी भाऊ काम करतो आहे, असे चित्रात दिसले तर सर्व बॅच अडचणीत येऊ शकते.

लेखी भाग बहुपर्यायी प्रश्नांचा असतो. लादीकामात त्याच्यापेक्षा प्रात्यक्षिकाचा वाटा बराच मोठा आहे, म्हणून आता प्रात्यक्षिकाकडेच नीट पाहू.

घणसोलीत राहणारे, अठरा वर्षे लादीकाम केलेले एक मिस्त्री परीक्षेला बसले आहेत, अशी कल्पना करू. त्यांना न्हाणीघराचा एक कोपरा दिला आहे. १२०० मिलिमीटर लांब आणि तेवढीच रुंद जमीन, ३०० मिलिमीटरच्या सिरॅमिक लाद्या, एका कोपऱ्यात नहाणी ट्रॅप आणि भिंतीला लाद्यांची एक ओळ. एका बाजूला चार लाद्या, म्हणजे जमिनीला सोळा लाद्या लागतील, आणि ट्रॅपजवळची लादी कापावी लागेल.

आपल्याकडे मिस्त्री फूट, इंच आणि सूत यांत बोलतात, तर नकाशा आणि गुणांचा तक्ता मिलिमीटरमध्ये असतो. इंचाचे आठ सूत आणि एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून किंचित जास्त, एवढे पक्के बसले तरी गोंधळ टळतो. "दर्ज दोन मिलिमीटर ठेवा" असे सांगितल्यावर अंदाजाने एक सूत ठेवला, तर काम सुबक दिसूनही माप चुकलेले ठरते.

मिस्त्रींनी पहिली लादी उचलण्यापूर्वीच मूल्यांकनकर्त्याचे गुण देणे सुरू झालेले असते. हेल्मेट, बूट आणि हातमोजे घातले का, जागा झाडून पाणी मारले का, लाद्यांचा रंग आणि माप एकाच लॉटचे आहे का हे पाहिले का, गुण्या लावून कोपरा काटकोनात आहे की नाही ते तपासले का. अठरा वर्षांच्या नजरेला कोपरा बाहेर गेलेला गुण्याशिवायही दिसतो, हे खरे आहे. पण नजरेची नोंद तक्त्यात करता येत नाही, म्हणून गुण्या, पाणसळ आणि ओळंबा प्रत्यक्ष लावून दाखवावेत. मोठ्या खोलीला गुण्या पुरत नाही, तेव्हा एका बाजूवर ३ फूट आणि दुसऱ्या बाजूवर ४ फूट खूण करून तिरके माप ५ फूट येते का, हे दोरीने दाखवता येते. ही पद्धत बहुतेकांना येते, फक्त करताना "कोपरा तपासतो आहे" असे तोंडाने म्हणावे.

त्यानंतर लाद्या आधी कोरड्या मांडून पाहाव्यात, म्हणजे कापलेला तुकडा दारासमोर न येता ट्रॅपकडे किंवा आडबाजूला जाईल. माल जमिनीसाठी साधारणपणे १ भाग सिमेंट आणि ४ भाग वाळू, जाडी सुमारे २० मिलिमीटर. भिंतीच्या लादीसाठी १ ला ३ आणि जाडी सुमारे १२ मिलिमीटर. सिरॅमिक लादी मालावर बसवण्यापूर्वी पाण्यात भिजवून निथळू द्यावी, नाहीतर ती मालातले पाणी शोषते आणि पकड कमी राहते. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे तिला भिजवण्याचा उपयोग नाही. ती दातेरी थापीने ॲडेसिव्ह पसरून बसवणे योग्य. हा फरक तोंडी परीक्षेत विचारला जाऊ शकतो आणि "आम्ही सगळ्याच भिजवतो" हे उत्तर गुण घालवते.

बहुतेक जण अडकतात ती जागा पुढे येते. दराच्या कामात घाई असते, म्हणून लादीखाली चार कोपऱ्यांना आणि मध्ये एक असे पाच गोळे टाकून लादी ठोकून बसवण्याची सवय लागते. वरून पातळी उत्तम दिसते, पण गोळ्यांच्या मधली जागा रिकामी राहते. मूल्यांकनकर्ता लाकडी मुठीने प्रत्येक लादीवर मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांवर ठोकून ऐकतो. भरीव लादीचा आवाज घट्ट आणि आखूड येतो, पोकळ लादीचा डबा वाजल्यासारखा येतो. पोकळ लादी वर काही जड पडले की तडकते आणि न्हाणीघरात तिच्याखाली पाणी साचते, म्हणूनच याला इतके महत्त्व आहे. आपल्या मिस्त्रींनी सोळापैकी पहिली लादी बसवल्यावर ती एकदा उचलून मागची बाजू पाहावी. मालाचा ठसा सर्वत्र उमटला असेल तर पुढे जावे, कोपरे कोरडे दिसले तर माल भरून पुन्हा बसवावी. परीक्षेत लादी उचलून पाहिली म्हणून गुण जात नाहीत. उलट, तुम्ही स्वतः तपासणी करता हे त्यातून दिसते.

ढाळ ट्रॅपच्या दिशेने हवा. पाच फुटांना साधारण एक इंच असा ढाळ धरला, तर १२०० मिलिमीटरच्या बाजूला २० मिलिमीटर, म्हणजे सहा सुतांहून थोडा जास्त उतार येतो. काम झाल्यावर दूरच्या टोकाला तांब्याभर पाणी ओतून ते ट्रॅपकडे जाते आणि कोठे डबके राहत नाही, हे दाखवता येते. मात्र माल ओला असल्यामुळे मूल्यांकनकर्त्याला विचारल्याशिवाय पाणी ओतू नये. तो पाणसळीने पाहतो म्हणाला, तर तसेच करू द्यावे.

लादी कापताना गॉगल आणि तोंडावर मास्क नसणे, हे गुण जाण्याचे सर्वांत टाळता येण्याजोगे कारण आहे. कटरची धूळ फुप्फुसात जाते आणि तिच्यातल्या सिलिकाने होणारा आजार बरा होत नाही. ही गोष्ट परीक्षेपुरती धरू नये, असे मला मनापासून वाटते. यंत्राची वायर सोललेली असेल तर ते चालू न करता आधी दाखवून द्यावे. काही वेळा मूल्यांकनकर्त्याला तेच पाहायचे असते.

लाद्यांमधली दर्ज ग्राउटने भरण्यासाठी एरवी एक दिवस थांबावे लागते आणि परीक्षेत तेवढा वेळ नसतो. म्हणून ग्राउट आधी बसवलेल्या तुकड्यावर भरायला देतात किंवा तोंडी विचारतात. वेळ संपत आली म्हणून ताज्या लाद्यांवर ग्राउट चोपडले, तर ती चूकच धरली जाते. थांबण्याचे कारण सांगून हात आवरणे अधिक बरे. शेवटी उरलेला माल उचलून, हत्यारे धुऊन जागा साफ करण्यालाही गुण असतात आणि थकलेला माणूस नेमका तेथेच निघून जातो.

तोंडी परीक्षेत हिशेबाचा एखादा प्रश्न हमखास धरावा. खोली १० फूट बाय १२ फूट, लादी २ फूट बाय २ फूट, तर लाद्या किती? क्षेत्र १२० चौरस फूट, एका लादीचे ४, म्हणजे ३० लाद्या. तुटफूट आणि कापाकापीसाठी १० टक्के धरले तर आणखी ३, एकूण ३३. रोज बिनचूक माल मागवणारे मिस्त्रीही येथे थेट "तेहतीस" म्हणतात. उत्तर बरोबर असते, पण पायऱ्या सांगितल्या तर पूर्ण गुण मिळतात.

निकाल आणि त्यानंतर

निकाल त्याच संध्याकाळी कळत नाही. मूल्यांकन संस्था गुण भरते, क्षेत्रीय परिषद ते तपासून मंजूर करते आणि मग प्रमाणपत्र डिजिटल स्वरूपात पोर्टलवरील तुमच्या खात्यात येते. म्हणून नोंदणी आयोजकाच्या मोबाइलवरून न करता स्वतःच्या क्रमांकावरून केलेली असावी. आयोजक बदलला, केंद्र बंद झाले, तरी प्रमाणपत्र आपल्या हाती राहते. ते उतरवून घेतल्यावर नाव, भूमिका आणि पातळी तपासावी आणि त्यावरील क्यूआर कोड स्वतः एकदा स्कॅन करून पाहावा. गुण कमी पडले तर कोणत्या भागात पडले हे लेखी मागावे आणि पुनर्मूल्यांकनाची संधी आपल्या बॅचला आहे का, ते विचारावे.

या प्रमाणपत्राने काय होत नाही, हेही माहीत हवे. ते आयटीआयच्या प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही. ई-श्रम कार्ड हे कामगार म्हणून नोंद आहे, कौशल्याचा पुरावा नाही, आणि याच्या उलटही खरे आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या लाभांसाठी मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, तेथे आरपीएलचा कागद पुरत नाही. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत राजमिस्त्री हा व्यवसाय आहे, पण तिची नोंदणी आणि पडताळणी निराळी असते. नाक्यावर चौरस फुटाचा दर तर या कागदाने लगेच वाढत नाही.

उपयोग होतो तो जेथे कागद बघूनच माणूस आत घेतात तेथे: मोठ्या कंपन्यांच्या साइट, परदेशी भरती, किंवा मिस्त्रीवरून फोरमन होण्याची वेळ. अशा ठिकाणी जाताना रंगीत छापील प्रत घ्यावी, क्यूआर कोड घडीत येणार नाही अशी ती ठेवावी, आणि स्वतः केलेल्या तीन-चार कामांचे, पाणसळ लावलेली दिसेल असे फोटो मोबाइलमध्ये तयार ठेवावेत, कारण साइट इंजिनिअर कोड स्कॅन करून झाला की पुढचा प्रश्न कामाविषयीच विचारतो.